पानावरची सावली आणि चार कोपरे

जुन्या अंकाच्या पानाचा मोबाइलने फोटो काढला की त्यावर फोटो काढणाऱ्याची सावली पडतेच. खिडकीकडची बाजू लख्ख दिसते, आणि शिवण असलेली बाजू अंधारात जाते. माझ्याकडे घरातल्या जुन्या दिवाळी अंकांचे असे ढीगभर फोटो आहेत. ते अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआर प्रोग्रामला द्यायचे तर आधी पान निव्वळ काळं-पांढरं करावं लागतं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलबद्दल ठरवावं लागतं, ही शाई की हा कागद. या साध्या प्रश्नापायी मी ज्या तक्त्याच्या प्रेमात पडले, त्याच्याबद्दल हा लेख आहे.

आधी प्रश्नातली अडचण बघू. पिक्सेलची उजळता 0 ते 255 या आकड्यांत मोजतात; 0 म्हणजे काळाकुट्ट, 255 म्हणजे पांढराशुभ्र. माझ्या एका फोटोत उजेडातला कागद 215 च्या आसपास आहे आणि तिथली विटलेली शाई 120. त्याच पानाच्या शिवणीकडे, सावलीत, कागद 95 वर उतरलाय आणि शाई 55 वर. म्हणजे सावलीतला कोरा कागद उजेडातल्या शाईपेक्षाही गडद आहे. सगळ्या पानाला मिळून एकच सीमा लावायची म्हटली, तर कुठलाही आकडा घ्या, एक तर सावलीचा भाग काळा ठिक्कर पडणार, नाही तर उजेडातली अक्षरं पुसली जाणार.

उपाय असा की पिक्सेलची तुलना त्याच्या शेजाऱ्यांशी करायची. डेरेक ब्रॅडली आणि गेरहार्ड रॉथ यांनी 2007 मध्ये मांडलेली पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो. पिक्सेलभोवती पानाच्या रुंदीच्या आठव्या भागाइतका चौकोन घ्या, त्यातली सरासरी उजळता काढा, आणि पिक्सेल त्या सरासरीपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त गडद असेल तर तो काळा. सावलीत सरासरी 90 धरली तर सीमा येते 76.5, 55 ची शाई काळी झाली, 95 चा कागद पांढरा राहिला. उजेडात सरासरी 205, सीमा साधारण 174. 120 ची शाई काळी, 215 चा कागद पांढरा. दोन्हीकडे निकाल बरोबर.

आता खर्च मोजू. फोटो 3000 पिक्सेल रुंद आणि 4000 उंच, म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेल. चौकोनाची बाजू 375, म्हणजे एका चौकोनात 1,40,625 पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलसाठी तेवढ्या बेरजा करायच्या तर एकूण बेरजा होतात साधारण 1 लाख 69 हजार कोटी. सेकंदाला शंभर कोटी बेरजा करणाऱ्या यंत्रालाही एका पानाला अर्धा तास लागेल. आणि हे सगळे श्रम वाया जाणारे आहेत. शेजारच्या दोन पिक्सेलांचे चौकोन जवळजवळ पूर्ण एकमेकांवर पडतात, तरी आपण दर वेळी पहिल्यापासून बेरीज करतो.

एकाच ओळीत आकडे असते तर यावरचा इलाज आपल्या सगळ्यांच्या घरात भिंतीवर टांगलेला आहे. विजेचा मीटर महिन्याचा वापर सांगत नाही, तो बसवल्यापासूनची चढती बेरीज दाखवतो. मार्च ते मेचा वापर हवा असेल तर मेअखेरचं रीडिंग वजा फेब्रुवारीअखेरचं रीडिंग, संपलं. मधला काळ तीन महिन्यांचा असो की तीस वर्षांचा, एकच वजाबाकी. यालाच प्रोग्रामिंग करणारी मंडळी प्रीफिक्स सम म्हणतात. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे: रीडिंग महिन्याचं नसतं, दोन महिन्यांमधल्या सीमेचं असतं. बारा महिन्यांना तेरा रीडिंग लागतात, आणि त्यातलं पहिलं शून्य असू शकतं.

ही सीमेची गोष्ट ग्रिडवर आणली की सगळं सुटत जातं, असं माझं ठाम मत आहे. चौकटीच्या वहीचं पान डोळ्यांसमोर आणा. आकडे घरांत लिहिलेले आहेत. पण आपला तक्ता घरांत लिहायचा नाही, तो लिहायचा रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूंवर. प्रत्येक बिंदूवर लिहायचं: पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून या बिंदूपर्यंतच्या आयतात जे काही आहे त्याची बेरीज. चार ओळी आणि चार स्तंभांच्या ग्रिडला पाच आडव्या आणि पाच उभ्या रेघा असतात, म्हणून तक्ता 5×5 चा होतो. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात डावीकडच्या रेघेवर सगळी शून्यं, कारण तिथपर्यंत काहीच आलेलं नाही.

हे ग्रिड घेऊ:

```
3 1 4 2
5 0 2 6
1 7 3 1
2 4 8 5
```

आणि हा त्याचा तक्ता:

```
0  0  0  0  0
0  3  4  8 10
0  8  9 15 23
0  9 17 26 35
0 11 23 40 54
```

तो भरायला डोकं लागत नाही. ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना त्या ओळीची चढती बेरीज हातात ठेवायची आणि वरच्या बिंदूवरचा आकडा तिच्यात मिळवायचा. तिसऱ्या ओळीत 1, 8, 11, 12 अशी बेरीज चढत जाते. वरच्या रेघेवर 8, 9, 15, 23 आहेत. मिळवले की 9, 17, 26, 35. प्रत्येक घरासाठी दोन बेरजा, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात आलेला 54 म्हणजे सगळ्या ग्रिडची बेरीज.

आता प्रश्न: दुसऱ्या ते चौथ्या ओळीतल्या, शेवटच्या दोन स्तंभांतल्या सहा घरांची बेरीज किती? घरं आहेत 2, 6, 3, 1, 8, 5. हाताने बेरीज 25. तक्त्यावरून काढायची तर या आयताचे चार कोपरे बघायचे. उजव्या खालच्या कोपऱ्यावर 54 आहे. त्यात आपल्याला नको असलेली वरची पट्टी आहे, तिची बेरीज उजव्या वरच्या कोपऱ्यावर लिहिलेली आहे, 10. डावीकडची पट्टीही नको, ती डाव्या खालच्या कोपऱ्यावर, 23. पण वरची पट्टी आणि डावी पट्टी एका तुकड्यावर एकमेकींवर चढलेल्या आहेत, तो तुकडा दोनदा वजा झाला. त्याची बेरीज डाव्या वरच्या कोपऱ्यावर आहे, 4, ती परत मिळवायची. 54 − 10 − 23 + 4 = 25.

आयत सहा घरांचा असो की सहा लाख घरांचा, चार कोपरे वाचायचे आणि तीन बेरजा-वजाबाक्या करायच्या. पायथनमध्ये एवढंच:

```python
import numpy as np

h, w = a.shape
S = np.zeros((h + 1, w + 1), dtype=np.int64)
S[1:, 1:] = a.cumsum(axis=0, dtype=np.int64).cumsum(axis=1)

def sum_rect(S, r1, c1, r2, c2):
    return S[r2, c2] - S[r1, c2] - S[r2, c1] + S[r1, c1]
```

इथे `r1`, `r2`, `c1`, `c2` हे रेघांचे क्रमांक आहेत, घरांचे नाहीत. वरच्या उदाहरणात ते 1, 4, 2, 4. म्हणून सूत्रात कुठेही ‘उणे एक’ नाही, आणि आयत पानाच्या काठाला टेकला तरी वेगळी अट लिहावी लागत नाही. काठावरची शून्यं ते काम करतात. पुष्कळ ठिकाणी तक्ता मूळ ग्रिडएवढाच ठेवतात आणि मग `r1 - 1` ऋण झाला तर काय, याच्या तीन-चार अटी लिहीत बसतात. एका जास्तीच्या ओळीची आणि एका स्तंभाची कंजुषी करण्यात काही अर्थ नाही. चित्रांवर काम करणाऱ्या ओपनसीव्ही लायब्ररीमधलं `integral` हे फंक्शनही प्रत्येक बाजूने एकाने मोठा तक्ता देतं.

ही कल्पना चित्रांच्या जगात रुजवली फ्रँक क्रो यांनी. 1984 च्या सिग्राफ परिषदेत त्यांनी ती संगणकीय चित्रांतल्या पोतासाठी मांडली. फरशीचं नक्षीकाम क्षितिजाकडे जाताना पडद्यावरच्या एका पिक्सेलमध्ये नक्षीचा बराच मोठा भाग दबून बसतो, तेव्हा त्या भागाची सरासरी पटकन हवी असते, आणि तो भाग दर वेळी वेगळ्या लांबी-रुंदीचा असतो. पुढे 2001 मध्ये पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी फोटोतले चेहरे ओळखायला हाच तक्ता वापरला. डोळ्यांची पट्टी गालांपेक्षा गडद असते, अशा शेजारशेजारच्या आयतांच्या तुलनांवर त्यांची पद्धत उभी आहे. त्यांच्या निबंधातला एक तपशील मला फार सुंदर वाटतो. दोन आयतांना आठ कोपरे, पण ते एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे दोन कोपरे सामाईक, म्हणून सहाच वाचनं पुरतात. तीन आयतांना आठ, चार आयतांना नऊ. आकडे घरांत नसून छेदबिंदूंवर आहेत हे एकदा मनात बसलं की हे मोजून बघावंही लागत नाही, चित्र काढलं की दिसतं.

परत माझ्या पानाकडे येते. तक्ता भरायला सुमारे अडीच कोटी बेरजा, आणि प्रत्येक पिक्सेलला तीन याप्रमाणे साडेतीन कोटींच्या आसपास. एक लाख एकोणसत्तर हजार कोटींच्या जागी सहा कोटी. चौकोन 375 ऐवजी 75 चा घेतला तरी तेवढ्याच. त्यामुळे वेगवेगळे आकार करून बघायला मन कचरत नाही, आणि विटलेल्या पानांच्या बाबतीत ते करून बघावंच लागतं.

पानाच्या कडांना मात्र लक्ष द्यावं लागतं. कोपऱ्यातल्या पिक्सेलभोवतीचा चौकोन पानाबाहेर जातो, तेव्हा तो कापून घ्यायचा आणि भागाकार उरलेल्या घरांच्या संख्येने करायचा. अगदी कोपऱ्यात 188×188 म्हणजे 35,344 घरंच उरतात, साधारण एक चतुर्थांश. तिथेही 1,40,625 ने भागलं तर सरासरी खऱ्याच्या पावपट येते, सीमा खाली कोसळते आणि कोपऱ्यातली अक्षरं नाहीशी होतात. पानाच्या चारही कोपऱ्यांत मजकूर विरळ होत गेलेला दिसला की आधी हा भागाकार तपासावा.

सगळ्यात रंजक गडबड होते ती आकड्यांच्या आकारामुळे. 32 बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात जास्तीत जास्त 2,14,74,83,647 मावतात. कागदाची उजळता 200 धरली, तर माझ्या पानाची एकूण बेरीज 240 कोटी, म्हणजे मर्यादेच्या वर. तक्ता वरून भरत आणला तर 3579 व्या ओळीपर्यंत सगळं ठीक असतं. त्यानंतर उजवीकडच्या टोकापासून आकडे उलटतात आणि ऋण होतात. उलटलेल्या बिंदूंचा प्रदेश उजव्या खालच्या कोपऱ्यात एका वक्र सीमेच्या आत असतो.

आणि तरीही उत्तर चुकेलच असं नाही! जुना चाकांचा मीटर 99999 नंतर 00000 वर येतो. 99990 वरून 00015 वर गेला तर वापर 25 युनिट, हे कुणीही सांगेल. वजाबाकीसुद्धा त्याच चक्रात केली की गुंडाळलेला भाग आपोआप सुटतो. अट एकच, खरं उत्तर त्या चक्रात मावलं पाहिजे. 375 च्या चौकोनाची बेरीज फार तर 3 कोटी 59 लाख, ती आरामात मावते. म्हणून 32 बिटांचे चिन्हरहित पूर्णांक वापरून, तक्ता खुशाल उलटू देऊन, अचूक उत्तरं मिळतात, आणि तक्ता 96 एमबीऐवजी 48 एमबीत बसतो. सी++ मध्ये हे चिन्हरहित प्रकारातच करावं. चिन्हासहित पूर्णांक उलटला तर काय व्हावं याची त्या भाषेत काही हमीच नाही.

बिघडतं कधी, तर उलटलेला 32 बिटांचा तक्ता वजाबाकीच्या आधी 64 बिटांत किंवा दशांशांत बदलून घेतला तर. मग चक्र तुटतं. चौकोनाचा फक्त उजवा खालचा कोपरा उलटलेला असेल तर बेरीज बरोबर 4,29,49,67,296 ने कमी येते, सरासरी उणे तीस हजारांवर जाते आणि तिथलं सगळं पांढरं होतं. डावा वरचा सोडून बाकी तिन्ही उलटलेले असतील तर बेरीज तेवढ्यानेच जास्त येते आणि तिथलं सगळं काळं. दोन किंवा चारही उलटलेले असतील तर चूक एकमेकींत जिरते. त्यामुळे पानाच्या उजव्या खालच्या भागात एक वाकडा पांढरा पट्टा आणि त्याच्या पलीकडे काळा भाग दिसतो, बाकी पान निर्दोष. हे चित्र समोर आलं की दुसरं काही शोधायची गरज नाही.

दशांशांचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. 32 बिटांच्या दशांश प्रकारात 1,67,77,216 पर्यंतचेच सगळे पूर्णांक नेमके बसतात. 3000 रुंदीच्या उजळ पानावर ही मर्यादा अठ्ठावीस ओळींतच ओलांडली जाते. पुढे आकडे जवळच्या पायरीवर ढकलले जातात, आणि 240 कोटींपाशी पायरी 256 ची असते. मोठ्या चौकोनाला त्याचं काही वाटत नाही, तीन कोटींच्या बेरजेत काहीशेंची चूक म्हणजे नगण्य. छोट्या चौकोनांना ती जाणवते. आणि वर्गांचा तक्ता केला तर हाहाकार होतो.

वर्ग कशाला, तर शाईचे डाग आणि पाठच्या बाजूची उमटलेली अक्षरं असलेल्या पानांना नुसती सरासरी पुरत नाही. चौकोनात आकडे किती पसरलेले आहेत, हेही कळावं लागतं. सौव्होला यांची पद्धत त्यावरच चालते. त्यासाठी उजळतेच्या वर्गांचा दुसरा तक्ता करायचा, आणि वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करायचा, की प्रचरण मिळालं. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांची ही वजाबाकी आहे, आणि चुका तिच्यातच उघड्या पडतात. पानाच्या शेवटाकडे वर्गांची चढती बेरीज 48 हजार कोटींवर जाते, तिथे 32 बिटी दशांशाची पायरी 32,768 ची. चौकोन 15×15 चा असेल तर प्रचरणात शंभराच्या आसपासची चूक सहज येते. कोऱ्या कागदाचं खरं प्रचरण वीस-पंचवीसच असतं. मग ते ऋण येतं, त्याचं वर्गमूळ काढताना `nan` येतो, आणि पान वर डावीकडे स्वच्छ आणि खाली उजवीकडे मिरी भुरभुरवल्यासारखं दिसतं. दोष पानाच्या एका कोपऱ्याकडे वाढत जातोय, मजकुराशी त्याचा काही संबंध दिसत नाही, ही खूण पक्की. वर्गांचा तक्ता 64 बिटांतच करावा. 1 कोटी 20 लाख पिक्सेल सगळे पांढरेशुभ्र असले तरी बेरीज 78 हजार कोटींच्या आसपास राहते, 64 बिटांच्या पूर्णांकाला ते काहीच नाही.

तक्ता प्रत्येक वेळी लागतोच असं मात्र मी म्हणणार नाही. सगळे चौकोन एकाच मापाचे असतील आणि पान क्रमाने ओलांडायचं असेल, तर प्रत्येक स्तंभाची एक सरकती बेरीज ठेवून, नवी ओळ आत घेऊन आणि जुनी बाहेर टाकून तेवढ्याच वेगाने काम होतं, आणि स्मृती फक्त एका ओळीएवढी लागते. तक्त्याची खरी मजा मापं बदलतात तेव्हा, किंवा कुठला आयत विचारला जाईल हे आधी माहीत नसतं तेव्हा. पान काळं-पांढरं झाल्यावर मी त्याच तऱ्हेचा दुसरा तक्ता काळ्या पिक्सेलांच्या मोजणीचा करते. मजकुराच्या दोन स्तंभांमधली मोकळी पट्टी कुठे आहे, चित्राची चौकट कुठे संपते, हे शोधताना शेकडो वेगवेगळे आयत चाचपावे लागतात, आणि प्रत्येकाचं उत्तर चार वाचनांत येतं.

जे वजा करता येत नाही ते या तक्त्यात बसत नाही. चौकोनातला सगळ्यात गडद पिक्सेल कोणता, हे चार कोपऱ्यांवरून कधीच कळणार नाही, कारण मोठ्या आयतातला किमान आकडा माहीत असला तरी त्यातून नको असलेली पट्टी ‘काढून टाकता’ येत नाही. तिथे वेगळी रचना लागते. तसंच, मूळ ग्रिडमधला एक आकडा बदलला तर त्याच्या खाली आणि उजवीकडे असलेले सगळे बिंदू बदलतात. अगदी पहिलं घर बदललं तर जवळपास सव्वा कोटी. आकडे सतत बदलत असतील आणि मध्येमध्ये प्रश्नही येत असतील, तर दोन मितींतलं फेन्विक ट्री घ्यावं. त्यात माझ्या पानाएवढ्या ग्रिडवर एका बदलाला आणि एका कोपऱ्याच्या वाचनाला जास्तीत जास्त दीडेकशे टप्पे पडतात. वाचन महागतं, बदल स्वस्त होतो.

नवा तक्ता लिहिला की मी तो छोट्या, मुद्दाम लांबोडक्या ग्रिडवर, म्हणजे समजा 3×7 वर, सगळे शक्य आयत घेऊन हाताच्या बेरजेशी ताडून बघते. चौरस ग्रिडवर ओळ आणि स्तंभ यांची अदलाबदल झाली तरी प्रोग्राम निमूट चालतो आणि कधीकधी उत्तरही जुळतं. लांबोडक्या ग्रिडवर तो तक्त्याबाहेर पाऊल टाकतो आणि तिथेच थांबतो. 3×7 वर आयत होतात 168, एका सेकंदाच्या आत सगळे तपासून होतात. त्यानंतर एकदा 4000×3000 चं, सगळी घरं 255 असलेलं पान घालायचं, आणि उजव्या खालच्या टोकाचा 15×15 चौकोन विचारायचा. 57,375 आलं पाहिजे.